शनिवारची सुटका

संध्याकाळच्या वर्गाला मी 'संघटनात्मक वर्तन' शिकवते. समोर बसलेले बहुतेक जण दिवसभराची नोकरी करून आलेले असतात. कोणी चाकणला शिफ्ट इन्चार्ज आहे, कोणी बँकेत, कोणी रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर. साहेबाच्या कौतुकानं माणूस कसा फुलतो आणि दुर्लक्षानं कसा कोमेजतो, हे त्यांनी पुस्तक उघडण्याआधीच पाहिलेलं असतं. तरीही दरवर्षी एक प्रश्न अर्ध्याहून अधिक जणांचा चुकतो. प्रश्न असा:

एका विभागात महिनाभर सगळे अहवाल वेळेवर देणाऱ्या कर्मचाऱ्यांना महिन्याच्या शेवटच्या शनिवारच्या ड्यूटीतून सूट मिळते. तीन महिन्यांत वेळेवर येणाऱ्या अहवालांची संख्या वाढली. हे कशाचं उदाहरण?

उत्तरपत्रिकेत 'सकारात्मक प्रबलन' असं ठामपणे लिहिलेलं असतं. का, म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "मॅडम, बक्षीसच दिलंय की!" इथेच परीक्षकाचा डाव साधलेला असतो. कर्मचाऱ्याच्या हातात नवं काहीच आलेलं नाही. त्याच्या डोक्यावरची एक नको असलेली गोष्ट, शनिवारची ड्यूटी, काढून घेतली गेली. त्यामुळे त्याचं वेळेवर अहवाल देणं वाढलं. हे नकारात्मक प्रबलन आहे.

हा शब्द कानाला जितका कडू लागतो तितकी ती गोष्ट कडू नाही. गोंधळाचं मूळ या शब्दातच आहे, म्हणून आधी तिथे थोडं थांबते.

मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या प्रकारच्या शिकण्याला 'साधक अभिसंधान' म्हणतात. नाव जड आहे, पण कल्पना साधी आहे. आपण काही करतो, त्याच्या पाठोपाठ काही घडतं, आणि त्या घडण्यावरून पुढच्या वेळी आपण तेच पुन्हा करू की टाळू हे ठरत जातं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदरांना एका पेटीत ठेवून हे तपासलं आणि 1938 साली 'द बिहेविअर ऑफ ऑर्गनिझम्स' हे पुस्तक लिहिलं. पेटीत एक दांडी असायची. ती दाबली की अन्नाची गोळी पडायची. गोळ्या मिळत गेल्या तसा उंदीर दांडी अधिक वेळा दाबू लागला. वर्तन असं बळकट होणं म्हणजे प्रबलन.

आता यात 'सकारात्मक' आणि 'नकारात्मक' कुठून आलं? हे दोन्ही शब्द चांगलं-वाईट सांगत नाहीत, अधिक-उणे सांगतात. वर्तनानंतर काही मिळालं तर अधिक. वर्तनानंतर असलेलं काही गेलं तर उणे. काही जुन्या पुस्तकांत 'धन प्रबलन' आणि 'ऋण प्रबलन' असे शब्द आहेत आणि मला ते जास्त योग्य वाटतात, कारण गणितातलं धन-ऋण चिन्ह लगेच डोळ्यांसमोर येतं. 'नकारात्मक' म्हटलं की नकार, कटकट, रागवारागवी असंच काहीतरी मनात उभं राहतं आणि विद्यार्थी थेट शिक्षेकडे वळतो. यात त्याला फार दोष देता येणार नाही. खुद्द स्किनर यांनी 1938 च्या पुस्तकात हा शब्द आज आपण ज्याला शिक्षा म्हणतो त्याच अर्थानं वापरला होता. आजचा अर्थ त्यांच्या 1953 च्या 'सायन्स अँड ह्यूमन बिहेविअर'मध्ये दिसतो.

मराठी मुलांसाठी आणखी एक खड्डा असतो. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असेल आणि विद्यार्थी हिंदी मजकुरावरून नजर फिरवत असेल, तर तिथला 'शिक्षा' हा शब्द शिक्षणासाठी असतो. आपल्या अर्थाची शिक्षा तिथे 'दंड' या नावानं येते. घाईत वाचताना हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बसवले गेलेले मी पाहिलेत.

नकारात्मक प्रबलनाचं सगळ्यात घरगुती उदाहरण गाडीत आहे. सीटबेल्ट लावला नाही की टुंग टुंग सुरू होतं. बेल्ट लावला की आवाज थांबतो. आवाज थांबावा म्हणून आपण बेल्ट लावायला शिकतो. बेल्ट लावणं वाढलं, म्हणून प्रबलन. आवाज गेला, म्हणून उणे. कोणी कोणाला शिक्षा केलेली नाही.

शिक्षेचं काम याच्या बरोबर उलटं असतं. तिच्यामुळे वर्तन कमी होतं. तिचेही दोन प्रकार आहेत. काही नकोसं पदरात पडलं, म्हणजे चारचौघांत बोलणी खावी लागली आणि त्यामुळे वर्तन घटलं, तर ती अधिक शिक्षा. हवीशी वस्तू काढून घेतली, म्हणजे हजेरी बोनस कापला गेला आणि त्यामुळे वर्तन घटलं, तर ती उणे शिक्षा. राहिला विलोप. त्यात काही दिलं जात नाही आणि शिक्षा म्हणून काही कापलंही जात नाही. जे मिळत होतं म्हणून वर्तन चालू होतं, तेच मिळणं बंद होतं आणि वर्तन हळूहळू विझतं.

आता एक अख्खी केस घेऊ. परीक्षेत येते त्याच धाटणीची ही केस मी वर्गासाठी तयार केली आहे. वाचताना एकेक प्रसंग वेगळा काढायचा असतो.

एका कंपनीच्या ग्राहक तक्रार विभागात आठ जण आहेत. दर सोमवारी दहा वाजता बैठक होते. एक ज्येष्ठ कर्मचारी बैठकीत सतत कोपरखळ्या मारतो, सगळे हसतात आणि विषय भरकटतो. नव्या विभागप्रमुख बाई बाकीच्या सात जणांना बाजूला घेऊन सांगतात, "त्याच्या विनोदांवर हसू नका, त्याच्याकडे बघूही नका, पुढचा मुद्दा घ्या." पुढच्या दोन बैठकांत त्याचे विनोद उलट वाढले आणि आवाजही चढला. तिसऱ्या बैठकीपासून ते कमी होऊ लागले. पाचव्या बैठकीत एकही नव्हता. त्याच विभागात एक तरुणी आहे, तिला बिलांच्या नोंदींतल्या चुका चटकन दिसतात. तिनं चूक दाखवली की बाई म्हणतात, "तुझी नजर तयार आहे, आता हे तूच दुरुस्त कर." दोन महिन्यांनी ती चुका दाखवेनाशी झाली. एक जण रोज उशिरा येतो. त्याला कळवलं गेलं की उशीर झाला तर त्या दिवसाचे 50 रुपये कापले जातील. पैसे कापले गेले, पण तो पूर्वीइतकाच उशिरा येत राहिला. आणि कामाच्या वेळी गोंगाट वाढला की बाई केबिनच्या दारात येऊन मोठ्यानं ओरडतात, विभाग लगेच चिडीचूप होतो. सुरुवातीला महिन्यातून एकदा ओरडणाऱ्या बाई आता आठवड्यातून दोनदा ओरडतात.

वर्गात मी दोनच प्रश्न विचारायला लावते आणि तेही याच क्रमानं. पहिला, कोणाचं कोणतं वर्तन वाढलं किंवा कमी झालं? दुसरा, त्या वर्तनानंतर त्या माणसाकडे काही आलं की काही गेलं? साहेबाचा हेतू काय होता हा प्रश्न मी घेतच नाही. परीक्षकाचा वेश नेमका हेतूच्या कापडाचा शिवलेला असतो. 'बाईंना कौतुक करायचं होतं', 'व्यवस्थापनानं शिस्त लावण्यासाठी', 'प्रोत्साहन म्हणून' अशा शब्दांवर पेन्सिलनं रेघ मारून बाकीची केस वाचायची.

विनोदी कर्मचाऱ्यापासून सुरुवात करू. त्याला कोणी रागावलं नाही, त्याचं काही कापलं नाही. हशा मिळत होता म्हणून विनोद होत होते. हशा थांबला आणि विनोद विझले. हा विलोप आहे. तरी इथे बरेच जण 'शिक्षा' लिहितात. त्यांचं म्हणणं असतं की सगळ्यांनी तोंड फिरवलं, माणसाचा अपमानच झाला की. म्हणून विलोप आणि उणे शिक्षा यांतला फरक नीट समजून घ्यावा लागतो. दोन्हींत काहीतरी जातं. पण विलोपात जातं ते त्या वर्तनाचंच खतपाणी, म्हणजे ज्याच्यासाठी माणूस ते करत होता तेच. उणे शिक्षेत जाते ती वेगळी, आधीपासून त्याच्याजवळ असलेली वस्तू. "तू विनोद केलास, म्हणून आज तुझा चहा बंद" असं बाईंनी केलं असतं आणि विनोद कमी झाले असते, तर ती उणे शिक्षा ठरली असती. चहासाठी तो विनोद करत नव्हता.

परीक्षकानं त्या प्रसंगात दोन सापळे आणखी ठेवलेत आणि दोन्ही मला फार आवडतात. पहिल्या दोन बैठकांत विनोद वाढले, हे वाक्य विद्यार्थ्याला घाबरवण्यासाठी आहे. वर्तन वाढलं म्हणजे प्रबलन, असं तो उरलेला मजकूर न वाचताच ठरवतो. पण विलोपाची सुरुवात बहुधा अशीच होते. घरच्या टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की आपण तो लगेच खाली ठेवत नाही. आणखी जोरानं दाबतो, हातावर आपटतो, बॅटरी काढून फिरवून बसवतो, मग कंटाळून सोडून देतो. पूर्वी मिळणारी गोष्ट अचानक मिळेनाशी झाली की वर्तन आधी उसळतं आणि मग ओसरतं. पुस्तकांत या उसळीला विलोपाचा स्फोट असं नाव सापडतं. केसमध्ये 'सुरुवातीला वाढले, नंतर कमी झाले' असं वाक्य दिसलं की मी विलोपाचा संशय सगळ्यात आधी घेते.

ही गोष्ट स्किनर यांच्या हातीही योगायोगानंच लागली. एका प्रयोगात उंदीर दांडी दाबत असताना गोळ्या देणारं यंत्र अडकलं. तेव्हा स्किनर तिथे नव्हते. ते परत आले तेव्हा उंदराच्या दाबण्याची नोंद करणाऱ्या कागदावर एक सुरेख वक्र उमटलेला होता. गोळी येणं थांबल्यावर दाबणं भराभर चालू राहिलं होतं आणि मग लाटा घेत घेत मंदावलं होतं. तो शुक्रवारचा दुपारनंतरचा वेळ होता आणि प्रयोगशाळेत सांगायला कोणीच नव्हतं. स्किनर यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की तो शनिवार-रविवार त्यांनी रस्ता ओलांडतानाही जास्त काळजी घेतली, कारण आपल्याला काही झालं तर हा शोध आपल्याबरोबरच जाईल अशी भीती त्यांना वाटत होती. अडकलेल्या यंत्रातून विलोपाचा पहिला आलेख मिळाला, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. ते ऐकल्यावर त्या आलेखाचा आकार मुलं सहसा विसरत नाहीत.

दुसरा सापळा आमच्या केसमध्ये नाही, पण अवघड प्रश्नपत्रिकांत तो हमखास असतो. मजकुरात एक निरागस वाक्य घातलेलं असतं: 'विभागातला एक नवखा कर्मचारी मात्र अधूनमधून हसत असे.' मग प्रश्न येतो, विनोद थांबायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ का लागला? या एका वाक्यानं सगळं बदलतं. जे बक्षीस प्रत्येक वेळी मिळत होतं ते थांबलं की माणसाला लवकर कळतं. जे कधी मिळतं, कधी नाही, ते खरोखर थांबलंय की आजच मिळालं नाही, हे कळायला फार वेळ लागतो. चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांनी 1957 साली 'शेड्यूल्स ऑफ रीइन्फोर्समेंट' या जाडजूड ग्रंथात प्रबलन किती वेळानं, किती कृतींनंतर मिळतं यावर वर्तन कसं बदलतं हे नोंदवलंय. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस वर्षानुवर्षं का हटत नाही, याचं उत्तर याच तत्त्वात आहे. सात जणांनी तोंड बंद ठेवलं आणि आठवा अधूनमधून हसला, तर विनोद नेहमीच्या हशाच्या काळापेक्षाही चिवट होऊन बसतो. विलोप अर्धवट पाळला तर तो न पाळण्यापेक्षा महाग पडतो, तो असा.

आता ती तरुणी. परीक्षक इथे सगळ्यात जास्त यशस्वी होतो. 'तुझी नजर तयार आहे' हे वाक्य वाचून विद्यार्थी सकारात्मक प्रबलन लिहून मोकळा होतो. दोन प्रश्न विचारून बघा. कोणतं वर्तन बदललं? चुका दाखवणं, आणि ते कमी झालं. म्हणजे प्रबलन कोणतंही असू शकत नाही, कौतुकाचे शब्द कितीही गोड असोत. मग काय आलं की काय गेलं? दर वेळी तिच्या गळ्यात दुरुस्तीचं जादा काम पडलं. नकोसं काही आलं आणि वर्तन घटलं, म्हणजे ही अधिक शिक्षा, कौतुकाच्या कागदात गुंडाळलेली.

हा प्रसंग मी माझ्याच वर्गातून घेतला. काही वर्षांपूर्वी पहिल्या बाकावरचा एक विद्यार्थी फार चांगले प्रश्न विचारायचा. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, "छान प्रश्न! पुढच्या तासाला तूच यावर दोन पानं लिहून आण आणि सगळ्यांना सांग." दिवसभर मशीन शॉपमध्ये उभा राहून आलेला मुलगा होता तो. सहा आठवड्यांनी त्यानं प्रश्न विचारणं बंद केलं. त्याचं लक्ष उडालंय असं मी समजत होते. वार्षिक परीक्षेच्या आधी त्यानं शांतपणे सांगितलं, "मॅडम, प्रश्न विचारला की रविवार जातो." मला ते खूप लागलं. त्यानंतर मी प्रश्न विचारणाऱ्याला गृहपाठ दिलेला नाही.

स्टीव्हन केर या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी 1975 साली 'अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल'मध्ये एक निबंध लिहिला होता. संस्था अपेक्षा एका वर्तनाची करतात आणि बक्षीस मात्र दुसऱ्याच वर्तनाला देतात, हा त्याचा विषय. परीक्षकांना ही जागा फार प्रिय आहे. कारखान्यात रोज मशीन पुसून तपासणी-पत्रक भरायचं असतं. पत्रक भरलेलं नसेल तर सुपरवायझर ओरडतो, भरलेलं असेल तर पुढे जातो. काही दिवसांत पत्रकं शंभर टक्के भरलेली आणि मशीन तशीच कळकट. इथे नकारात्मक प्रबलन झालंय हे खरं, पण ते पत्रक भरण्याचं. उत्तरात 'मशीन पुसणं' लिहिलं की गुण जातात. वर्तनाचं नाव अचूक लिहिणं हा अर्धा प्रश्न असतो, असं मी म्हणते ते यासाठी.

उशिरा येणाऱ्याचे 50 रुपये. पुस्तकात हजेरीतला दंड हे उणे शिक्षेचं उदाहरण असतं, म्हणून विद्यार्थी डोळे झाकून तेच लिहितो. पण केस स्पष्ट सांगते की उशीर कमी झाला नाही. वर्तन घटलं नाही तर मानसशास्त्राच्या अर्थानं ती शिक्षा झालीच नाही, हिशेबनीसानं ती वहीत काही का लिहिली असेना. मी इथे विद्यार्थ्यांना लिहायला सांगते की व्यवस्थापनाचा हेतू उणे शिक्षेचा होता, पण परिणामावरून ती शिक्षा ठरत नाही. असं का झालं असावं हे सांगता आलं तर उत्तर उजळतं. पैसे महिनाअखेरीला पगारातून कापले जात असतील, तर उशीर आणि दंड यांच्यात वीस-पंचवीस दिवसांचं अंतर पडतं आणि दोघांची गाठच बसत नाही. किंवा सकाळी मुलीला शाळेत सोडणं त्याच्या दृष्टीनं 50 रुपयांहून मोठं असेल. आणखी एक बारीक गोष्ट आहे. दंडाची सूचना फलकावर लावणं ही शिक्षा नव्हे. ती वर्तनाच्या आधीची खूण आहे. शिक्षा आणि प्रबलन दोन्ही वर्तनाच्या नंतर येतात. त्यामुळे केसमधला काळाचा क्रम बोट ठेवून वाचावा लागतो.

हे सगळं मोजमापावर उभं आहे, आणि त्याचं उद्योगातलं जुनं, गाजलेलं उदाहरण एमरी एअर फ्रेट या अमेरिकन मालवाहतूक कंपनीचं आहे. लहान पार्सलं एका मोठ्या कंटेनरमध्ये भरून पाठवली की वाहतूक स्वस्त पडायची. कंटेनर वापरता येण्यासारखे असतात तेव्हा आपण नव्वद टक्के वेळा तो वापरतोच, असं कर्मचाऱ्यांना आणि व्यवस्थापकांना वाटत होतं. एडवर्ड फीनी या अधिकाऱ्यानं मोजून पाहिलं तर आकडा निघाला 45 टक्के. मग प्रत्येकानं स्वतःच्या कामाची नोंद स्वतः ठेवायची आणि सुधारणा दिसली की वरिष्ठानं लगेच, नेमक्या शब्दांत शाबासकी द्यायची अशी पद्धत सुरू झाली. वापर 95 टक्क्यांपर्यंत गेला. ही केस परीक्षेत नावं बदलून येते तेव्हा उत्तर सकारात्मक प्रबलन असतं. मात्र त्याला आधार शाबासकीचा नसतो, 45 वरून 95 वर गेलेल्या आकड्याचा असतो. आकडा हलला नसता तर शाबासकी नुसती शाबासकीच राहिली असती.

इतकं झाल्यावर एक कबुली द्यायला हवी, नाहीतर वाचकाला वाटेल की चौकटी अगदी पक्क्या आहेत. शनिवारच्या सुटीच्याच उदाहरणाकडे परत जाऊ. ड्यूटी गेली म्हणून उणे, असं आपण म्हटलं. पण एखादा म्हणेल, दिवसभराची सुटी मिळाली म्हणून अधिक! घटना एकच आहे, तिची वर्णनं दोन. वर्तनविज्ञानातले अभ्यासक जॅक मायकेल यांनी 1975 मध्येच असा मुद्दा मांडला होता की सकारात्मक आणि नकारात्मक प्रबलन हा भेद ठेवण्याची गरजच उरलेली नाही. थंड खोलीत हीटर लावला तर ऊब आली की थंडी गेली, हे कसं ठरवायचं? मला त्यांचं म्हणणं पटतं. पण परीक्षेत हा वाद घालून गुण मिळत नाहीत. तिथे परीक्षकानं कोणता शब्द वापरलाय ते बघायचं. 'सूट', 'मोकळं केलं', 'टळलं', 'थांबलं', 'माफ केलं' असं लिहिलं असेल तर त्याच्या मनात उणे आहे. 'मिळालं', 'दिलं', 'बहाल केलं' असेल तर अधिक. चांगला परीक्षक आधीची नकोशी स्थिती स्पष्ट सांगतो, म्हणजे शनिवारची ड्यूटी आधी सगळ्यांनाच होती हे मजकुरात असतं. ते दिलं नसेल तर प्रश्नच कच्चा आहे असं मी वर्गात बेधडक सांगते.

पर्यायांकडेही बघून घ्यायचं. व्यवस्थापनाच्या बऱ्याच पुस्तकांत चारच खाने असतात: सकारात्मक प्रबलन, नकारात्मक प्रबलन, शिक्षा आणि विलोप. तिथे बोनस कापणं नुसत्या 'शिक्षा' या खान्यात जातं. मानसशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत शिक्षेचे दोन प्रकार वेगळे दिलेले असतात. प्रश्न तोच असला तरी विषयाच्या प्रश्नपत्रिकेनुसार उत्तराचं नाव बदलतं. माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणी एकाच केसवर भांडत आल्या होत्या, आणि आपापल्या पुस्तकाप्रमाणे दोघी बरोबर होत्या.

आता केबिनच्या दारात उभ्या असलेल्या बाई. या प्रसंगावर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण यात परीक्षकानं काहीच खोटं सांगितलेलं नाही. त्यानं फक्त आपली नजर चुकीच्या माणसाकडे वळवली आहे. विद्यार्थी लिहितो, ओरडणं ही कर्मचाऱ्यांना शिक्षा आहे. पण गोंगाट कमी झाला का? त्या क्षणापुरता झाला. मग पुन्हा झाला, आणि इतका की बाईंना आठवड्यातून दोनदा ओरडावं लागतंय. शिक्षा असती तर गोंगाटाची संख्या महिन्यागणिक घटली असती. केसमध्ये ज्याची वाढ आकड्यांत सांगितलीय असं वर्तन एकच आहे, ते म्हणजे बाईंचं ओरडणं. पहिला प्रश्न इथे त्यांच्याबद्दल विचारायचा. त्यांनी ओरडल्यावर काय झालं? नकोसा गोंगाट लगेच थांबला. काही गेलं आणि वर्तन वाढलं. म्हणजे बाईंच्या ओरडण्याचं नकारात्मक प्रबलन होतंय, आणि ते करणारे आहेत त्यांच्या हाताखालचे सात-आठ जण, दर वेळी दोन मिनिटं गप्प बसून.

पहिल्यांदा हे फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोललं नाही. चाकणचा शिफ्ट इन्चार्ज मागच्या बाकावर बसला होता. त्यानं वहीच्या समासात काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तास संपल्यावर वही माझ्यासमोर धरून तो म्हणाला, "मॅडम, मागच्या महिन्यात मी लाइनवर किती वेळा ओरडलो ते मोजत होतो. अकरापर्यंत आठवलं." खाली त्यानं दुसरी ओळ आखली होती, डाव्या बाजूला 'ओरडलो', उजव्या बाजूला 'नंतर किती मिनिटं शांत'. उजवा रकाना अजून रिकामा होता. सोमवारपासून भरतो म्हणाला.